सभागृहातल्या स्पीकरचा फोम फाटला आहे, स्पीकर निकामी झालेला नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
आमची गृहनिर्माण सोसायटी, इंदूर

विषय: सभागृहातील डाव्या स्पीकरची दुरुस्ती आणि नव्या जोडीच्या खरेदीस हरकत

महोदय,

सप्रेम नमस्कार. याच विषयावर आधी लेखी तक्रार देऊन झाली, सचिवांना जिन्यात गाठून सांगून झाले. उत्तर काही आले नाही. आता सूचना फलकावर 34,000 रुपयांच्या नव्या स्पीकर जोडीचे कोटेशन पाहिले आणि हे पत्र लिहिणे भाग पडले.

आपल्या लाकडी स्पीकरमधल्या डाव्या पेटीतला 8 इंची वूफर गेले काही महिने फरफरतो. भजनात डग्ग्यावर थाप पडली की पत्रा हलल्यासारखा आवाज येतो. सांस्कृतिक समितीच्या प्रमुखांनी जाळी काढून वूफरच्या पुढच्या कागदी शंकूच्या, म्हणजे कोनच्या, एका कडेवर बोट दाबले, आत घासल्याचा आवाज ऐकला आणि "कॉइल जळली, आता नवीनच घ्या" असे कार्यकारिणीला सांगितले. हे निदान चुकीचे आहे. मी पॉलिटेक्निकच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत काम केले आहे, त्यामुळे हे मोघम बोलत नाही.

कागदी कोनला फ्रेमशी जोडणारी जी काळी मऊ कड असते, ती पॉलियुरेथेन फोमची आहे. हा फोम वापरला नाही तरी वयाने खराब होतो. हवेतला ओलावा, ऊन आणि ऑक्सिजन यांनी तो आधी चिकट होतो, मग बोट लावताच त्याचा भुगा पडतो. साधारण दहा ते वीस वर्षांत हे होतेच. त्यातून आपल्या पेट्या पश्चिमेच्या उघड्या खिडकीखाली ठेवल्या होत्या. त्या तिथून हलवा, हेही मी तेव्हाच सांगितले होते.

हा फोम आणि मागची पिवळसर जाळीदार चकती, म्हणजे स्पायडर, मिळून कोनला मधोमध धरून ठेवतात. कोनला चिकटलेली कॉइल चुंबकाच्या ज्या फटीत हलते, ती मिलिमीटरच्या अंशाइतकीच असते. फोम एका बाजूने फाटला की कोन किंचित कलतो आणि कॉइल फटीच्या भिंतीला टेकते. अशा कोनवर एकाच कडेला बोट दाबले तर तो आणखी कलणार आणि घासल्याचा आवाज येणारच. तेवढ्यावरून कॉइल गेली असे ठरत नाही.

बरोबर पद्धत अशी. दोन्ही हातांची बोटे कोनवर समोरासमोर ठेवायची आणि कोन सरळ, समान दाबाने, हलकेच आत ढकलून सोडायचा. मी हे भजनी मंडळाच्या दोन भगिनींसमोर केले. कोन बिनआवाज गेला आणि परत आला. मग तारा सोडवून मल्टिमीटर लावला. डाव्या वूफरने 6.3 ओहम दाखवले, उजव्याने 6.2. आठ ओहमच्या वूफरची कॉइल मीटरवर साधारण साडेपाच ते सात दाखवते. कॉइल तुटली असती तर मीटरने काहीच जोडणी दाखवली नसती. जळून वेटोळी आपसांत चिकटली असती तर आकडा बराच खाली आला असता. इथे दोन्ही बाजू जुळतात. कोनही कुठे फाटलेला नाही.

शेवटचा निर्णय जुना फोम पूर्ण काढल्यावर होतो, हे मान्य. मोकळा कोन सरळ हलवताना तेव्हाही खरखर आली, किंवा स्पायडर सैल पडून कोन खाली बसलेला निघाला, तर वूफर बदला असे मीच लिहून देईन. पण आज तसे एकही लक्षण नाही.

मधल्या काळात कुणीतरी फाटलेल्या जागी खाकी चिकटपट्टी लावून ठेवली. ती काढली पाहिजे. पट्टीने ती बाजू कडक आणि जड होते, कोन उलट दिशेला कलतो आणि शाबूत कॉइलवरचे वार्निश घासून जाते. म्हणजे चांगला भाग खराब करण्याची सोय आपणच केली आहे. दुरुस्तीपर्यंत ही पेटी वाजवू नये, असे मी आधीही लिहिले होते. तरीही परवाच्या वाढदिवसाला ती पूर्ण आवाजात वाजली. सभागृहाची किल्ली कोणाकडे असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हार्मोनियमचा भाताही याच निष्काळजीपणाने फाटला होता आणि तेव्हाही विचारणाऱ्यालाच त्रासदायक ठरवले गेले.

दुसरी सूचना आली की "फोमऐवजी रबराची रिंग टाका, कायमची टिकेल". रबर टिकते, हे खरे. पण ते जड असते आणि या वूफरचा कोन हलक्या फोमच्या हिशेबाने बनवला आहे. रबराने त्याची नैसर्गिक कंप्रता बदलते आणि पेटीशी जमलेला खर्जाचा मेळ बिघडतो. बाजारातला कुठलाही 8 इंची वूफर आणून बसवणे हेही तसेच. 8 इंच हे फ्रेमचे ढोबळ माप झाले. पेटीचे आकारमान, खर्ज आणि वरचे सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हर आणि उजव्या पेटीचा आवाज यांच्याशी तो जुळेलच असे नाही.

महाराणी रोडवरच्या एका कारागिराला मी मापे दाखवली: कोनचा व्यास, फ्रेमवरच्या चिकटवायच्या कडेचा व्यास आणि फोमच्या फुगीर भागाची रुंदी. दोन्ही वूफरचे मिळून त्याने 1,800 रुपये सांगितले. दोन्ही अशासाठी, की उजव्याचा फोम त्याच वयाचा आहे आणि नखाने दाबला की खळगा तसाच राहतो.

कामात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण निघाला पाहिजे. नवी रिंग आधी कोनला लावून सुकू द्यावी, मग फ्रेमला लावताना कोनच्या मधली टोपी, म्हणजे डस्ट कॅप, उघडून कॉइलभोवती जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सरकवाव्यात, म्हणजे कॉइल मधोमध राहते. आणि झटपट चिकटणारा गोंद वापरू नये, कारण तो कडक होतो आणि रिंग सरकवून नीट बसवायला वेळच देत नाही. चोवीस तास सुकल्यावर दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा. धनाला धन जोडल्यावर दोन्ही कोन पुढेच आले पाहिजेत. एक मागे गेला तर तारा उलट आहेत आणि खर्ज एकमेकांना खाणार.

आपल्या उपविधींप्रमाणे 10,000 रुपयांवरची खरेदी सर्वसाधारण सभेपुढे यायला हवी. ती आलेली नाही. शिवाय कोटेशनमधली जोडी मोकळ्या मैदानासाठीची आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, मग ही ताकद आपण वापरणार कुठे? बी विंगमधल्या बहुतेक कुटुंबांचे हेच मत आहे. ते वाद नको म्हणून गप्प आहेत, इतकेच.

तरी विनंती अशी: खरेदी थांबवावी, डाव्या पेटीच्या तारा आजच सोडवून ठेवाव्यात आणि 1,800 रुपयांची मंजुरी याच आठवड्यात द्यावी, म्हणजे गणेशोत्सवाआधी काम होईल. पेट्या कारागिराकडे नेण्या-आणण्याची जबाबदारी माझी. वूफर उघडताना समितीच्या प्रमुखांनी स्वतः हजर राहावे आणि कॉइल डोळ्यांनी पाहावी. ती जळलेली निघाली तर कारागिराची मजुरी मी भरीन. शाबूत निघाली तर "कॉइल जळली" हे विधान इतिवृत्तातून लेखी मागे घ्यावे.

आपली विश्वासू,
बी विंग, दुसरा मजला

प्रत: सचिव; खजिनदार; सूचना फलक