पगारातून कापलेल्या 3,900 रुपयांबद्दल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलंस की रविवारच्या ओव्हरटाइमला नाही म्हणाल्यापासून सुपरवायझर तुझ्या मागे लागलाय, आणि या महिन्यात पीएफ सोडून वर 3,900 रुपये कापलेत. कापणाऱ्याने नेमकं काय कापलं हे तोंडीच सांगितलं असेल, तर तेच आधी लेखी काढून घ्यायचं. टाइम ऑफिसात माझं आयुष्य हजेरी आणि पगारपत्रकांत गेलं, म्हणून लिहितोय.

तुझे 15,600 रुपये 26 दिवसांचे, म्हणजे दिवसाला 600 आणि आठ तासांच्या हिशेबाने तासाला 75. तू तीनदा पंधरा मिनिटं उशिरा गेलास, त्यांनी तीन अर्धे दिवस म्हणून 900 कापले. गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणातच करता येते. पाऊण तासाचे होतात 56 रुपये 25 पैसे. तेवढे गेले तर त्यावर भांडू नकोस, उशीर तुझाच होता.

दुसरे 1,000 ‘शिस्तीचे’. दंड करायचा तर कशासाठी करणार याची यादी सरकारी मान्यतेने नोटीस बोर्डावर लावलेली लागते, तुझं म्हणणं आधी ऐकावं लागतं, आणि महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांवर जाता येत नाही. तुझ्या बाबतीत 468 रुपये. रविवारी आला नाही म्हणून दंड, हे त्या यादीत सापडलं तर मला कळव, मी बघायला येतो.

खरा वाद उरलेल्या 2,000 चा, ‘रिजेक्शन’चा, म्हणजे बाद झालेल्या मालाचा. नुकसान कामगाराच्या ताब्यात दिलेल्या मालाचं आणि थेट त्याच्या हलगर्जीमुळे झालेलं असलं तरच, झालं तेवढंच आणि त्याचं ऐकून मगच वसूल करता येतं. तू म्हणालास, कटिंग टूलचं इन्सर्ट झिजलं होतं, मागितलं तर स्टोअरने उद्या देतो म्हटलं, आणि फर्स्ट पीस क्वालिटीवाल्याने सही करून पास केला होता. हे तीन धागे सगळ्यात महत्त्वाचे, आणि महिन्याभरात तूच ते विसरशील. म्हणून घरी आल्यावर त्याच रात्री शिवलेल्या वहीत लिहायचं, सुटी पानं नकोत. असं:

“मंगळवार, दुसरी शिफ्ट. सव्वातीनला फर्स्ट पीस पास, सही क्वालिटीची. साडेपाचला इन्सर्ट मागितलं, स्टोअर: उद्या. सातला बोअर मोठं येतंय हे सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, चालव. बाजूच्या मशीनवरचा ऑपरेटर ऐकत होता.”

‘मला त्रास देतो’ असं लिहू नकोस. त्याचे शब्द लिही, जसेच्या तसे, कन्नडमध्ये बोलला असेल तर कन्नडमध्येच. मागचं आता आठवून लिहिलंस तर ‘आठवणीने, अमुक तारखेला लिहिलं’ असं वर टाक. मागची तारीख घालून लिहिलेलं एक पान पकडलं गेलं की सगळ्या वहीवर शंका येते. कंपनीचं ड्रॉइंग किंवा फाइल मात्र घरी आणू नकोस, नाहीतर उलट चोरीचा आळ घेतील.

पगारपत्रकाची शीट कन्नडमध्ये असते आणि पोरं रकमेकडे न बघता सही ठोकतात. कुणाकडून तरी वाचून घे, आणि सहीशेजारी हातात किंवा खात्यात आलेली रक्कम व तारीख लिही. कोऱ्या व्हाउचरवर सही अजिबात नको. पगाराची स्लिप मागून घे, ती द्यायची जबाबदारी त्यांची आहे. बँकेचा एसएमएस जपून ठेव.

मग ऑफिसला साधा मेसेज टाक: ‘या महिन्यात 3,900 रुपये कमी आले. प्रत्येक कपातीचं कारण आणि हिशेब लेखी द्यावा.’ एवढंच, शिव्या नाहीत की वकिली नाही. उत्तर आलं तर त्यांचं कारण त्यांच्याच हाताने नोंदलं गेलं. नाही आलं तर आठवड्याने तेच पत्र कन्नडमध्ये करून घे आणि स्पीड पोस्टाने पोचपावती लावून पाठव. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट तुझ्या बहिणीच्या फोनवरही ठेव. कंपनीच्या व्हॉट्सअॅप गटातून काढलं की मागचं शोधत बसावं लागतं.

नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. पण कमी काय आणि कधी मिळालं, हे सांगायला तुझ्याकडे वही हवीच. वहीने तो माणूस सुधारणार नाही, कदाचित आणखी चिडेल, कामावरून काढायचीही धमकी देईल. ती दिली तर तीही वेळेसकट लिही. काढलंच तर राहिलेला सगळा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यावा लागतो, हे ध्यानात ठेव.

रविवारी खानापूरला येताना पासबुक भरून आण, गेल्या सहा महिन्यांचं. या आधीही थोडं थोडं कापलंय का ते बघू, आणि मगच बेळगावच्या कामगार कार्यालयात अर्ज द्यायचा की नाही ते ठरवू.

तुझा,
बाबा