हेडसर, परीक्षेआधीच्या त्या पालक मीटिंगसाठी मनापासून थँक्यू

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. दहावीचे पेपर संपले, घरातला ताण उतरला, आता निवांत बसून हे लिहितेय. तुम्हाला भेटून सांगता आलं असतं पण तुमच्या केबिनबाहेर कायम गर्दी, आणि दुसरं म्हणजे हे बाकीच्या पालकांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते.

बोर्डाच्या परीक्षेआधीची पालक मीटिंग म्हटलं की मनात ठरलेलं चित्र असतं, की अभ्यास करून घ्या, टीव्ही बंद करा, मोबाईल काढून घ्या, मुलांवर दडपण आणू नका, टाळ्या, चहा, घरी. तुम्ही उभे राहिलात आणि पहिलंच वाक्य बोललात, "अभ्यासाबद्दल आज एक शब्द बोलणार नाही, ते काम शिक्षकांनी वर्षभर केलंय, आज फक्त पेपरच्या दिवशी सकाळी उठल्यापासून पोर घरी परत येईपर्यंत काय काय होतं तेवढंच सांगणार." आणि खरंच तेवढंच सांगितलंत सर. त्यासाठीच हे आभार.

फळ्यावर तुम्ही तीन वेळा लिहिल्या होत्या. 10:30, 11:00, 2:10. त्यातल्या 2:10 वर किती जणांनी हात वर केले आठवतंय ना, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात थोरल्या भावंडांच्या वेळचं 10:50 बसलेलं होतं. माझ्या थोरल्याची दहावी 2019 ची, तेव्हा दहा मिनिटं आधी, म्हणजे 10:50 ला प्रश्नपत्रिका हातात यायची, शांतपणे वाचून काढायची आणि 11 ला लिहायला सुरुवात. तुम्ही सांगितलंत की फेब्रुवारी-मार्च 2023 च्या परीक्षेपासून बोर्डाने ते बंद केलं, कारण पेपर मोबाईलवर फिरल्याच्या तक्रारी आल्या होत्या, आणि पोरांचं नुकसान नको म्हणून तीच दहा मिनिटं शेवटी जोडून दिली. म्हणजे पेपर आता 11 लाच मिळतो आणि तीन तासांचा पेपर 2 ऐवजी 2:10 ला सुटतो, गणित-विज्ञानाच्या दोन तासांच्या पेपरला 1:10.

आता हे कुठल्याही सूचनापत्रात असतं, पण त्याचा अर्थ काय होतो ते तुम्ही समजावलंत. तुम्ही म्हणालात की ही दहा मिनिटं पोराने शेवटी उत्तरं लांबवायला ठेवली तर फुकट गेली, 11 ला पेपर हातात आला की आधी पूर्ण वाचायचा, कुठले पर्याय सोडवायचे ते ठरवायचं, मगच पेन उचलायचं, शेजारच्याने लिहायला सुरुवात केली तरी घाबरायचं नाही, कारण वाचायला गेलेला वेळ शेवटी परत मिळणार आहे. माझ्या मुलीचा सगळा सराव घड्याळ लावून थेट लिहायला सुरुवात करायचा होता, त्या दिवसापासून तिने सरावाच्या पेपरलाही आधी वाचायला सुरुवात केली आणि मराठीच्या पेपरनंतर गेटबाहेर आल्या आल्या म्हणाली, आई सर म्हणाले तसं केलं, सगळं लिहून झालं.

10:30 चंही तसंच. आम्हाला वाटायचं की अर्धा तास आधी बोलावतात ते उगाच, बोर्डाची सवय म्हणून. त्या अर्ध्या तासात काय होतं ते तुम्ही पायरी पायरीने सांगितलंत, गेटवरची तपासणी, मग आसनव्यवस्थेचा तक्ता बघून आपला ब्लॉक शोधणं, बाकावरचा नंबर हॉल तिकिटाशी ताडून बघणं, मग उत्तरपत्रिका मिळते त्यावर बैठक क्रमांक अंकात आणि अक्षरात, केंद्र क्रमांक, विषय, तारीख, सही, बारकोडचा स्टिकर, पर्यवेक्षकांची सही. हे सगळं धापा टाकत केलं तर तिथेच नंबर चुकतो असं तुम्ही म्हणालात आणि ते इतकं पटलं की घरी जाऊन मी मुलीकडून तिचा नंबर अक्षरात लिहून घेतला, सहा आकडे अक्षरात लिहिताना तीसुद्धा पहिल्यांदा अडखळली. आणि तक्ता रोज बघायचा, कालचा बाक आजही तोच असेल असं धरायचं नाही, कारण कुणाची पूर्ण हिंदी, कुणाची हिंदी-संस्कृत संयुक्त, त्यामुळे विषयाप्रमाणे बसायची जागा बदलू शकते, हेही तुम्हीच सांगितलंत. मुलीच्या मैत्रिणीचा ब्लॉक दुसऱ्या पेपरला खरंच वरच्या मजल्यावर गेला होता.

मला सगळ्यात जास्त भावलं ते पुढचं. तुम्ही स्पष्ट सांगितलंत की "त्या दिवशी माझं तिथे काही चालत नाही." केंद्र दुसऱ्या शाळेत, तिथे केंद्रसंचालक प्रमुख, तीन-चार शाळांची पोरं एकत्र, पर्यवेक्षक अनोळखी, पेपर परीरक्षक केंद्रावरून सीलबंद येणार, आणि उशीर झाला, काही विसरलं, तर निर्णय केंद्रसंचालकांचा. कुणी पालक मागून म्हणाले की सर तुम्ही फोन करा ना तिथे, तुम्ही म्हणालात, नाही करणार, आणि करूही शकत नाही, म्हणून जे काय करायचंय ते 10:30 च्या आधी करू. हे ऐकायला कडक वाटलं तेव्हा, पण त्यामुळेच सगळे जागे झाले. नुसतं "काळजी करू नका, आम्ही आहोत" म्हणाला असतात तर अर्ध्या पालकांनी सगळं शाळेवर ढकललं असतं.

आणि मग जे तुमच्या हातात होतं ते तुम्ही किती नीट केलंत. हॉल तिकीट तिथेच मीटिंगमध्ये पालकांच्या हातात दिलंत आणि बसल्या जागी तपासायला लावलंत, नाव, आईचं नाव, फोटो, विषय, माध्यम, एकेक ओळ वाचून. फोटो खराब असेल तर नवीन चिकटवून त्यावर शाळेचा शिक्का आणि तुमची सही, ते तर ऑफिसमध्ये लगेच झालं. पण विषय किंवा माध्यम चुकलं असेल तर दुरुस्ती विभागीय मंडळाकडून करून घ्यावी लागते, त्याला वेळ लागतो, म्हणून आज सांगा, पेपरच्या आदल्या दिवशी सांगू नका, असं म्हणालात. एका मुलाचा विषय चुकलेला त्यातच सापडला म्हणे. तो परीक्षेच्या सकाळी सापडला असता तर काय झालं असतं, विचार करूनच पोटात गोळा येतो.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसले ती सांगते. इंग्रजीच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी आमच्या शेजारच्या मुलाचं हॉल तिकीट सापडेना. दप्तर उलटं केलं, गाद्या उचलल्या, मुलगा रडून लाल. त्याच्या आईला मीटिंगला येता आलं नव्हतं, ती म्हणाली माझ्याकडे झेरॉक्स आहे, चालेल ना? तर मला तुमचं वाक्य आठवलं, की झेरॉक्सवर विसंबू नका, शाळेच्या सही-शिक्क्याची प्रत लागते, पण हरवलं म्हणजे वर्ष गेलं असंही नाही, शाळा पुन्हा प्रिंट काढून त्यावर लाल शाईने द्वितीय प्रत असा शेरा मारून देते आणि ते चालतं. पेपरच्या प्रत्येक दिवशी सकाळी 8 पासून ऑफिसमध्ये माणूस बसलेला असेल हेही तुम्ही सांगितलं होतं. मी तिला तेवढंच सांगितलं, मुलाला जेवायला घाला आणि झोपवा, सकाळी 8 ला शाळेत जा. क्लार्क खरंच बसलेले होते, प्रिंट निघाली, लाल पेनाने शेरा, तुमची सही, शिक्का, आणि मुलगा सव्वादहाला केंद्राच्या गेटवर. तिकीट नंतर भूगोलाच्या पुस्तकाच्या कव्हरमध्ये सापडलं, तो भाग वेगळा. पण ती रात्र त्या घराने झोपून काढली, सर, त्याचं सगळं श्रेय तुमच्या त्या दोन वाक्यांना.

कॉपीबद्दलही तुम्ही भाषण ठोकलं नाहीत. फक्त सांगितलंत की चिठ्ठी जवळ सापडणं पुरेसं आहे, वापरली की नाही हा नंतरचा प्रश्न, आणि प्रामाणिक पोरंही यात अडकतात, कशी तर कंपासपेटीत जुनं सूत्र लिहिलेला कागद राहतो, पॅडच्या मागे पेन्सिलने काहीतरी खरडलेलं असतं, खिशात रिव्हिजनची चिठ्ठी विसरते, भरारी पथक आलं की ते बघत नाही कोण हुशार आणि कोण नाही. म्हणून रोज सकाळी पोराच्या समोर कंपास आणि पॅड रिकामं करून बघा, आणि हे पालकांचं काम, पोराचं नाही. मोबाईल, स्मार्ट वॉच घरी. आणि उत्तरपत्रिकेवर वर श्री नाही, देवाचं नाव नाही, स्वतःचं नाव नाही, तपासणाऱ्याला विनंती तर अजिबात नाही, ओळख पटेल असं काहीही लिहिलं तर तो गैरप्रकारात धरला जाऊ शकतो. श्री चं ऐकून आमच्या घरात आजी जरा नाराज झाल्या, शेवटी मुलगी घरातून निघताना रफ वहीत श्री लिहून निघायची आणि वही घरीच ठेवायची, असा तोडगा निघाला.

केंद्राच्या गेटबाहेर तुम्ही रोज एका शिक्षकांना उभं केलं होतंत, 11 वाजेपर्यंत, जवळ आपल्या शाळेच्या नंबरांची यादी, चार जास्तीची पेनं, पट्ट्या, एक कंपास. आत त्यांना जाता येत नाही हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, पण ओळखीचा चेहरा बघून पोरं जी रिलॅक्स व्हायची ते मी रोज बघितलंय. त्या सरांना आणि मॅडमना पण माझा नमस्कार सांगा, उन्हात उभे होते बिचारे.

एकच विनंती सर. ती मीटिंग दुपारी होती, ज्यांना सुट्टी मिळत नाही ते आले नाहीत, शेजारीण पण त्यातलीच. पुढच्या बॅचला एक मीटिंग संध्याकाळी पण घ्या, आणि फळ्यावर जे लिहिलं होतंत ते छापून द्या. मी माझ्या वहीत उतरवून घेतलेलं आहे, नीट लिहून ऑफिसमध्ये आणून देते, पुढच्या वर्षीच्या वेळा बोर्डाच्या वेळापत्रकाशी एकदा ताडून घ्या आणि वापरा. माझ्या बहिणीची मुलगी पुढच्या वर्षी दहावीला आहे, दुसऱ्या शाळेत, तिला मी त्याचा फोटो पाठवला पण.

तुमची,
दहावी ब मधल्या एका मुलीची आई