चि. मनूस, बाटलीच्या हिशोबाबद्दल

कोल्हापूर

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून आई तुपाच्या डब्याकडे बघून तोंड फिरवते. भांडण तुमच्या दोघींचं, त्यात मी पडायचं नाही असं ठरवलं होतं. पण तू रिक्षात बसता बसता म्हणालीस ना, "आबा, मी तूप सोडलंय, खोबरेल घेते, ते प्लांटचं आहे, त्यात कोलेस्टेरॉल नाही," ते डोक्यातून जाईना. म्हणून लिहायला बसलो. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

आधी एक विचारतो, मग त्यावर बोलणार नाही. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १६८ आल्यावर डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलं होतं. तपासलंस का?

आता हिशोब. जन्मभर मी दूध संस्थेत फॅट लावली. ॲसिड, दूध, बुटायरोमीटर, सेंट्रिफ्यूज, आणि काचेच्या मानेत वर आलेला तो पिवळा थर. कुणाच्या म्हशीला ६.५ लागली की गडी मिशीवर हात फिरवत घरी जायचा, ५.८ लागली की माझ्याकडे संशयानं बघायचा. तेव्हा स्निग्धांश मोजणं हे माझं काम आहे, तुझ्या मोबाइलमधल्या ॲपचं नाही. (हे चिडून लिहिलंय, सोडून दे.)

सपाट भरलेला मापाचा टीस्पून म्हणजे ५ मिली. त्यात तूप बसतं साधारण साडेचार ग्रॅम, कारण तूप पाण्यापेक्षा हलकं. साडेचार ग्रॅम फॅट, ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ४० कॅलरी. खोबरेलाचंही तेवढंच, आपल्या शेंगतेलाचंही तेवढंच. कॅलरीच्या बाबतीत तेल-तुपात डावं-उजवं करता येत नाही. लोणी थोडं कमी भरतं, चमच्याला ३४च्या आसपास, पण त्यात लोण्याचा मोठेपणा काही नाही. बाजारच्या लोण्यात शंभरातला पंधरा-सोळा भाग पाणीच असतं. ते पाणी कढवून घालवलं की तूप, हे तू लहानपणी आईच्या मागे उभी राहून बघितलंयस. बेरी मागायला उभी असायचीस, पण बघितलंयस.

फरक पडतो तो सॅच्युरेटेडमध्ये, म्हणजे एलडीएल वाढवणाऱ्या फॅटमध्ये. तुपातल्या शंभर ग्रॅममागे साठ-बासष्ट ग्रॅम सॅच्युरेटेड, म्हणजे त्या एका चमच्यात पावणेतीन ग्रॅमच्या जवळ. लोण्याच्या चमच्यात अडीचच्या आत. आणि तुझ्या खोबरेलात शंभराला पंचाऐंशीच्या आसपास, म्हणजे चमच्याला जवळजवळ ४ ग्रॅम. शेंगतेलाच्या चमच्यात एक ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे ज्या कारणासाठी तू आईचा डबा परत केलास, तेच तू आता जवळजवळ दीडपट घेतेस.

बाटलीवर "कोलेस्टेरॉल नाही" लिहिलेलं खरंच आहे. झाडापासून काढलेल्या तेलात ते नावापुरतंच असतं. पण रक्तातलं एलडीएल मुख्यतः आपलं यकृत ठरवतं. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की यकृत रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायला मंद होतं, आणि आकडा वर चढतो. ते फॅट गाईचं होतं, म्हशीचं होतं की नारळाचं, याची चौकशी यकृत करत नाही. खोबरेलानं चांगलं म्हणतात ते एचडीएलही थोडं वाढतं, तू म्हणालीस ते बरोबर आहे. पण सोबत एलडीएल वाढतं, आणि तुझ्या रिपोर्टात वर गेलेलं तेच आहे ना?

बरं, तुला किती चालतं? डाएटिशियननं १८०० कॅलरी सांगितल्यात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सॅच्युरेटेडमधून दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको. तुझे झाले १८० कॅलरी, म्हणजे २० ग्रॅम. अमेरिकेतली हृदयरोगाची संघटना, अमेरिकन हार्ट असोसिएशन, सहा टक्क्यांच्या आत राहायला सांगते. ते होतात १०८ कॅलरी, १२ ग्रॅम. ज्याचं एलडीएल आधीच चढलंय त्यानं बाराचा आकडा डोळ्यापुढे ठेवावा असं माझं मत. डब्याच्या मागे लिहिलेल्या टक्क्यांवर जाऊ नकोस. ते २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाचे २२ ग्रॅम धरून काढलेले असतात. तुझ्या बारातले ४ ग्रॅम गेले तर तिसरा हिस्सा गेला, डब्यावर मात्र १८ टक्के वाचून वाटतं, चाललंय की.

तू ॲपमध्ये रोज "खोबरेल, १ टीस्पून" टाकतेस. मला दाखवलंस तेव्हा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? एवढी नोकरी सांभाळून पोरगी घास न् घास लिहून ठेवते. आपल्या घरात उधारीची वही सोडली तर कुणी काही लिहून ठेवलं नव्हतं. पण तू बोलता बोलता आईला म्हणालीस, अर्ध्या लिटरची बाटली महिन्याला संपते. तिथं माझे कान टवकारले.

५०० मिली. त्यातलं रविवारी केसाला लावतेस ते धर महिन्याचं ६० मिली. तुझे केस आता खांद्यापर्यंतच आहेत, साठ खूप झाले. उरलं ४४०. पाहुणे नाहीत, स्वयंपाक तुझ्या एकटीचा. तीस दिवसांनी भागलं की रोजचे साडेचौदा मिलीच्या वर. म्हणजे एक चमचा नाही, जवळजवळ तीन. वजनात साडेतेरा ग्रॅम, कॅलरी १२०, आणि सॅच्युरेटेड साडेअकरा ग्रॅम. तुझे बारा तिथंच संपले. दूध, दही, अंडी, पनीर, ऑफिसच्या कॅन्टीनचं काय असेल ते, सगळं त्याच्यावर.

तू खोटं लिहीत नाहीस, ते मला माहीत आहे. चमचा खोटा आहे. तू इथून नेलेला स्टीलचा चमचा मापाचा नाही, त्याच्या जोडीचा इथं आहे तो मी काट्यावर ठेवून बघितला. वितळलेलं सपाट भरलं तरी ८ ग्रॅम बसतात. थिजलेलं तूप शिगोशीग घेतलं तर १४. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, आणि तुमच्या बंगळुरूच्या थंड सकाळी ते लोण्यासारखं उचललं जात असणार, डोंगर करून. शिवाय कॉफीत घातलेलं तेवढं तू लिहितेस. डोशाच्या तव्यावर सोडतेस, भाजीला वरून घालतेस, ते हातानं पडतं, ते ॲपला कळत नाही.

यावर उपाय सोपा आहे. ग्रॅम दाखवणारा लहान काटा घे. चमचा मोजायच्या भानगडीत पडूच नकोस. बाटली काट्यावर ठेवून आकडा शून्य कर, लागेल तेवढं तेल घे, बाटली परत ठेव. वजा चिन्हासकट जो आकडा येईल तेवढे ग्रॅम तू घेतलेस. चमच्याला चिकटलेलं पोटात जात नाही, ते थोडं जास्त धरलं जाईल, जाऊ दे. आणि बाटली उघडलेल्या दिवशी तिच्यावर तारीख लिही. रोजच्या नोंदींची बेरीज बाटलीशी जुळली नाही तर नोंद चुकलीय, बाटली नाही. एक सांभाळ, काही डब्यांवर आकडे १०० मिलीचे असतात, काहींवर १०० ग्रॅमचे. लिटरभर तूप म्हणजे किलो नव्हे, ९१० ग्रॅमच्या आसपास. आधी मिली आहे की ग्रॅम ते बघून मगच गुणाकार कर.

मी परत मास्तर झालो. माफ कर. तुला शाळेत गणिताला कधी बसवावं लागलं नाही आणि आता बसवतोय.

अण्णाकाका आठवतोय का तुला? तालमीतून सुटला की गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध उभ्या उभ्या प्यायचा, फेसासकट, एक ग्लास झाला की दुसरा. पाव लिटरच्या एका ग्लासात, साडेसहा फॅट धरली तर सोळा ग्रॅम, त्यातलं दहाच्या वर सॅच्युरेटेड. दुधानं गेला असं मी म्हणत नाही. जोर-बैठका मारत होता तोवर त्याला सगळं पचत होतं. पुढे कुस्ती सुटली, कट्टा सुटला नाही, तंबाखू तर नाहीच. आणि छातीत दुखतंय म्हणून कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षी खासबागला बसलो होतो आम्ही दोघं, मध्येच उठून पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला, म्हणाला, उकडतंय. जानेवारीत कुठलं उकडतंय? तू चौथीत होतीस. तुझा चेहरा त्याच्यावर गेलाय असं सगळे म्हणतात, तेव्हा मला बरं वाटतं आणि नाहीही. म्हणून विचारतो गं, तपासलंस का? डॉक्टरांना काकाचं सांगितलंस का? त्यांना ते माहीत असायला हवं, कारण घरात असं घडलेलं असेल तर ते नुसत्या चमच्यांवर थांबणार नाहीत, गोळीचाही विचार करतील. ती त्यांनी ठरवायची, तू नाही आणि मीही नाही.

आईच्या तुपाचं माझं म्हणणं ऐक. आण म्हणत नाही, आणू नको असंही नाही. रोज भातावर मोजून अर्धा टीस्पून तूप घेतलंस तर सॅच्युरेटेड दीड ग्रॅमही होत नाही, आणि वास सगळ्या ताटाला येतो. तव्याला, भाजीला शेंगतेल किंवा करडई, तेही मोजून, कारण त्याच्याही चमच्याला ४० कॅलरी आहेतच. कॉफीत तेल कशाला लागतं ते मला कळलेलं नाही, तेवढं मी बोलणारच.

आणि रक्त द्यायच्या आधी आठ दिवस मुद्दाम उकडलेलं खाऊ नकोस. दूध संघाची गाडी तपासायला येणार म्हटलं की आमच्याकडे काही जण त्या दिवसापुरतं चोख दूध आणायचे. खाण्यातला बदल आधी कर, तो सहा-आठ आठवडे चालू दे, मग नेहमीसारखं जेवूनखाऊन तपास. म्हणजे त्या आकड्यावर डॉक्टरांना काही ठरवता येईल. डॉक्टरांची तीन महिन्यांची तारीख मात्र उलटू देऊ नकोस. आणि उलटली असेल तर आठवडे मोजत बसू नकोस, या शनिवारीच जा.

रिपोर्ट आला की फोटो मला पाठव, आईला नको. तिला मी सांगतो.

तुझे,
आबा

ता. क. काकूच्या सुनेला पण "प्लांटचं आहे" हे तूच सांगितलंयस असं कळलं. तिला फोन कर.