शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: 27, 28 आणि हरवलेले 29

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

भूमितीची प्रत्येक नमुना उत्तरपत्रिका दोन परीक्षक तपासतील आणि नंतर नियामकासमोर बसून गुणांवर एकमत करतील, असं यंदा आम्हाला लेखी कळवलं होतं. तपासणी झाली, बैठक झालीच नाही. आली ती एक ओळ: 'तफावत दोन गुणांच्या आत असल्यास सरासरी धरावी.' आणि बावीस वर्षं भूमिती शिकवणाऱ्या माझ्या हाती पडलं 'कडक परीक्षक' म्हणून खुलासा मागणारं पत्र.

एकच पेपर सांगतो. 40 पैकी मी दिले 27, माझ्या सहकाऱ्याने 28. फरक एका गुणाचा, म्हणून कुणी तो उघडलासुद्धा नाही. आत काय होतं ते आता तुम्हीच वाचा.

समद्विभुज त्रिकोणाच्या समान बाजूंसमोरचे कोन एकरूप असतात, ही चार गुणांची सिद्धता. मुलीने रचनेत लिहिलं, 'AD हा कोन A चा दुभाजक काढला.' मग AB = AC, AD सामाईक, आणि BD = DC असं म्हणून बाबाबा कसोटी लावली. पण BD = DC कुठून आलं? दुभाजक काढल्यावर मिळतात ते A जवळचे दोन समान कोन, म्हणजे तिथे बाकोबा कसोटी लावायला हवी होती. D हा मध्यबिंदू आहे हे तिने आकृतीकडे बघून गृहीत धरलं. मी एक गुण दिला. सहकाऱ्याने शेवटची ओळ बरोबर बघून चार दिले. खरं तर आकृती, पक्ष आणि साध्य यांचा एक, आणि रचना व दोन योग्य विधानांचा एक, असे दोन व्हायला हवेत. आम्ही दोघेही चुकलो होतो.

दुसरा प्रश्न तीन गुणांचा. आयताची एक बाजू 5, कर्ण 13, क्षेत्रफळ काढा. तिने पायथागोरसचं सूत्र बरोबर मांडलं, पण 169 मधून 25 वजा करून 144 ऐवजी 134 लिहिलं आणि तोच आकडा पुढे नेऊन क्षेत्रफळ काढलं. मी चूक दिसताच थांबलो आणि एक गुण दिला. सहकाऱ्याने दोन दिले, आणि त्यांचंच बरोबर होतं. एका वजाबाकीची शिक्षा एकदाच व्हायची.

तिसरी स्पर्शिकेची रचना, तीन गुणांची. कंसाच्या खुणा फिकट होत्या. मी उजेडात धरून पाहिल्या आणि तीन दिले. त्यांना त्या दिसल्या नाहीत, म्हणून शून्य.

आता बेरीज करा. माझ्यापेक्षा त्यांचे गुण एका प्रश्नात तीनने जास्त, दुसऱ्यात एकने जास्त, तिसऱ्यात तीनने कमी. सगळं एकमेकांत जिरलं आणि वर दिसला फक्त एक. तिन्ही प्रश्न समोरासमोर बसून पाहिले असते तर तिला 29 मिळाले असते. तुमच्या सरासरीने साडेसत्तावीसचे पूर्णांक करून 28 दिले. हे गुण तिच्या उत्तरांमधून आलेच नाहीत, मंत्रिमहोदय! आणि माझ्या 40 पेपरांच्या गठ्ठ्यात असे किमान अकरा तरी असतील. मोजणी घाईची आहे, कारण आम्हाला घाईतच तपासायला लावलं जातं.

मला कडक ठरवून माझ्या सगळ्या गुणांत दोन-दोन मिळवायचं आता घाटतंय. एखादा परीक्षक प्रत्येक पेपरात सारखाच कमी देत असेल, तर ती मिळवणी चालते. माझ्या बाबतीत फरक कधी वर, कधी खाली गेलाय. मग मिळवणीने रचनेत आधीच पूर्ण गुण मिळालेल्यालाही फुकटचे दोन मिळतील, आणि सिद्धतेत माझ्यामुळे मागे पडलेल्याला जेवढे हवेत तेवढे मिळतीलच असं नाही.

शिवाय दुसऱ्या परीक्षकाकडे गठ्ठा जातो तो पहिल्याच्या लाल शाईसकट. समोर 1 लिहिलेला दिसला की हात 4 लिहायला कचरतो. माझाही कचरला आहे. मग त्या जुळलेल्या गुणांना तुमचं खातं एकवाक्यता म्हणतं.

रात्री दीडपर्यंत डोळे फोडून तपासायचं, आणि चुकीचा जाब मात्र एकट्या मास्तरने द्यायचा. बैठकीला वेळ नाही म्हणणाऱ्या खात्याला खुलासे मागवायला वेळ कसा मिळतो? वर कुणालाच पेपर उघडायचा नसतो, तक्त्यातली तफावत तेवढी मिटायला हवी असते. खात्याचं सगळं कामच आज असं चाललंय.

तपासणी सुरू होण्याआधी दहा कोऱ्या, म्हणजे गुण न लिहिलेल्या, छायाप्रती सगळ्या परीक्षकांना द्या. प्रत्येकाने स्वतंत्र तपासाव्यात, आणि नियामकाने बेरजा बाजूला ठेवून प्रश्नवार गुण शेजारी शेजारी मांडावेत. जिथे 1 आणि 4 दिसेल तिथे दोघांनी कारण सांगावं आणि ठरलेला निर्णय गुणदान योजनेत लिहून सगळ्यांकडे जावा. एक दुपार पुरेल.

माझा खुलासा या पत्रातच आहे, वेगळा पाठवणार नाही. त्या मुलीचा पेपर अजून गठ्ठ्यात आहे. निकालाआधी तो उघडा.

आपला,
भूमितीचा एक परीक्षक