स्नेहसंमेलनासाठी आवाहन : शंभरातले वीस अजून कमी आहेत

सर्व पालक, माजी विद्यार्थी आणि शाळेचे हितचिंतक यांना सस्नेह नमस्कार.

गेल्या स्नेहसंमेलनात ऐन समूहनृत्याच्या मध्यावर वीज गेली, पण रंगमंचावरचा एकही दिवा विझला नाही. तो जनरेटर कुणाचा होता हे त्या रात्री मैदानावर असलेल्यांना सांगायला नको. देणाऱ्यांनी भाडे तर घेतले नाहीच, वर आपला माणूस रात्रभर यंत्राशेजारी बसवला. कार्यक्रमपत्रिका वर्षानुवर्षे फुकट छापून देणारे आमचे पालक तर नाव छापू देत नाहीत, म्हणून इथेही लिहीत नाही. आदल्या रात्री मुलांच्या नावांतल्या चुका दाखवल्या, तेव्हा त्यांनी कपाळाला आठी न घालता पाने पुन्हा लावली. मागचा निळा पडदा माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने दिला. तो अजून शाबूत आहे, यंदाही तोच लागेल आणि तेवढा खर्च यंदाही वाचेल. वेशभूषेची गाठोडी रात्री उशिरापर्यंत मोजून, नावे लावून परत करणाऱ्या आयांचे आभार तर कुठल्याच जमाखर्चात मावत नाहीत.

एवढे लिहून झाल्यावर जरा कडू गोष्टही लिहावी लागते. गेल्या वेळी काही प्रायोजकांची नावे फलकावर लागली, व्यासपीठावरून वाचली गेली, टाळ्याही झाल्या. पैसे मात्र आलेच नाहीत. ध्वनिव्यवस्थेचे उरलेले बिल त्यामुळे कित्येक आठवडे लोंबकळत राहिले. आठवणीच्या पत्रांना उत्तरे आली ती बोटांवर मोजण्याइतकी. रागावून उपयोग नाही, म्हणून यंदा अंदाजपत्रकच वेगळ्या रीतीने मांडले आहे. ते नीट कळावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. प्रत्यक्ष रकमांचा तक्ता कार्यालयात पाहायला ठेवला आहे. इथे एकूण खर्चाचे शंभर हिस्से धरले आहेत, म्हणजे कशाला किती जाते ते चटकन लक्षात येईल.

शंभरातले २६ हिस्से ध्वनी, प्रकाश आणि जनरेटरला जातात, २२ रंगमंच, मांडव आणि खुर्च्यांना. म्हणजे जवळजवळ निम्मा खर्च या दोनच बाबींचा. वेशभूषा आणि रंगभूषा १३, अल्पोपहार व पाणी ११, बक्षिसे ८, परवानग्या, स्वच्छता व प्रथमोपचार मिळून ५, छायाचित्रण ४, छपाई ३. उरलेले ८ हिस्से आकस्मिक खर्चासाठी बाजूला ठेवले आहेत आणि त्यांना शेवटच्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

अंदाज चुकतो तो बहुधा मोठ्या दोन बाबींतच. दरपत्रकात ‘ध्वनी व प्रकाश, एक कार्यक्रम’ एवढी एकच ओळ असली, की समजावे, अर्धा खर्च अजून लिहिलेला नाही. त्यात रंगीत तालमीचा दिवस धरला आहे का? जनरेटरचे इंधन कोणाचे? सामान चढवण्या-उतरवण्याची मजुरी, वाहतूक, कर? कार्यक्रम लांबला तर तासाचा जादा दर किती? आपली मुले वेळेत आवरत नाहीत हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न नुसता विचारण्यापुरता नाही. मांडव आदल्या संध्याकाळी उभा राहतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरतो. भाडे एका दिवसाचे की दोन, हे आधी विचारले नाही तर ते बिलातच कळते. म्हणून यंदा बाबींची यादी समितीनेच केली आणि तिन्ही पुरवठादारांकडून तिच्यावरच दर भरून घेतले. यादी एकच असली तरच तुलना खरी. नाहीतर सर्वांत स्वस्त दिसणारा माणूस शेवटी सर्वांत महाग पडतो.

वेशभूषेची चूक वेगळी आहे. ती मोजण्यात होते. भाग घेणारी मुले २४० आहेत, पण त्यातली ७० मुले दोन-दोन कार्यक्रमांत आहेत, म्हणून पोशाख ३१० लागतात. मुलांच्या संख्येवर अंदाज बांधला तर तो पहिल्याच दिवशी ७० पोशाखांनी कमी असतो. शिवाय भाड्याच्या पोशाखांवर अनामत ठेवावी लागते. ती खर्चात धरायची नाही, पण तेवढे पैसे काही दिवस अडकतात. एखादी ओढणी किंवा मुकुट हरवला, तर अनामतीतला तेवढा भाग खर्चच होतो. अल्पोपहाराचेही तसेच. मुले आणि शिक्षक सगळे मोजतात. मांडववाले, ध्वनिवाले, वाहनचालक आणि रखवालदार विसरतात, आणि सर्वांत उशिरापर्यंत उपाशी तेच थांबलेले असतात. २४० मुले, ४० शिक्षक व स्वयंसेवक, २० पाहुणे आणि १५ कामगार असे ३१५ जण धरले आहेत.

आता जमेची बाजू. गेल्या वेळच्या पद्धतीने लिहिली असती तर ती अशी दिसली असती : शाळेचा मंजूर निधी ४५ हिस्से, प्रायोजकांकडून हाती आलेले १२, लेखी कबूल केलेले २०, तोंडी कबूल झालेले १५ आणि वस्तुरूपाने मिळणारे ८. बेरीज बरोबर शंभर. खर्चही शंभर. कागद इतका सुरेख दिसतो, की सही करायला कुणी क्षणभरही थांबणार नाही.

पण या बेरजेतल्या दोन गोष्टी खऱ्या नाहीत. पहिली, वस्तुरूपाची मदत. कुणी छपाई करून दिली, कुणी बक्षिसे दिली, तर आपला तेवढा खर्च टळतो. त्यातून ध्वनिवाल्याचे बिल भागत नाही. म्हणून ती जमेत न लिहिता खर्चातून वजा करायची. छपाईचे ३ हिस्से पूर्ण आणि बक्षिसांतले ५, असे ८ वजा केले, की रोखीने भागवायचा खर्च ९२ उरतो. वजा करताना वस्तूवरची छापील किंमत धरायची नाही. आपण ती वस्तू घेतली असती तर जेवढे दिले असते तेवढेच धरायचे, नाहीतर कागदावरची बचत फुगते.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द आणि पैसा यांतला फरक. हाती आलेले पैसे पूर्ण धरले आहेत. लेखी कबुलीच्या २० पैकी तीन चतुर्थांश, म्हणजे १५. तोंडी कबुलीचे शून्य. यात कुणाचा अपमान नाही. तोंडी कबूल केलेल्यांनी दोन ओळी लिहून, तारीख घालून दिल्या, की त्यांचे नाव त्याच दिवशी वरच्या रांगेत जाते. मग हिशेब होतो तो असा : ४५ अधिक १२ अधिक १५, म्हणजे ७२. भागवायचे ९२. कमी पडतात २०. हे आवाहन त्या वीस हिश्श्यांसाठी आहे.

एक गुंता मात्र बाहेरून दिसत नाही, आणि समितीची झोप उडते ती याच्यामुळे. पैसे पुरेसे असणे आणि पैसे वेळेवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकस्मिक निधी बाजूला ठेवला तरी कार्यक्रमाच्या संध्याकाळपर्यंत ८४ हिस्से चुकते करावे लागतात. शाळेचे ४५ मात्र दोन हप्त्यांत येतात : मंजुरीनंतर २५, आणि बिले सादर झाल्यावर २०. म्हणजे लेखी कबुलीचे १५ आणि या आवाहनाचे २० सगळे वेळेत आले, तरी त्या संध्याकाळी हातात ७२ असतील, देणे ८४ असेल. बारांची खोट शाळेच्या दुसऱ्या हप्त्यातूनच भरून निघेल, पण तो हप्ता नंतर येतो. यावर उपाय एकच : त्यातले १२ आधी उचल म्हणून मिळावेत. खालच्या टिपणीत तेच मागितले आहे. मदत कार्यक्रमानंतर आली तर तिचे स्वागतच आहे, पण तोवर मांडववाला दारात उभा असतो.

वीस जमलेच नाहीत तर काय कमी करायचे तेही ठरले आहे, म्हणजे ऐनवेळी वाद नको. आधी छायाचित्रण ४, ते पालकांनीच करावे. मग रंगमंचावरची जादा प्रकाशयोजना ५. मग अल्पोपहार फक्त सहभागी मुलांना आणि कामगारांना, त्यात ३. शेवटी वेशभूषेतून ८, म्हणजे दोन कार्यक्रम शाळेच्या गणवेशातच. ध्वनी, वायरिंग आणि प्रथमोपचार यांना कात्री लागणार नाही.

प्रायोजकांसाठी : फलकावर व पत्रिकेत नाव येईल. रंगमंचावरून मालाची जाहिरात किंवा मुलांना नमुनेवाटप होणार नाही. पैसे जमा झाल्यावरच नाव छापायला जाईल. पत्रिका कार्यक्रमाच्या १५ दिवस आधी छापायला जाते, त्यानंतर आलेली नावे व्यासपीठावरून वाचली जातील, छापली जाणार नाहीत. बोधचिन्ह द्यायचे तर स्पष्ट मूळ फाइल द्यावी. मोबाइलवरून पाठवलेले चित्र फलकावर फाटते. वस्तू देणाऱ्यांनी आधी समितीला विचारावे, कारण घड्याळे पुरेशी आहेत.

मा. मुख्याध्यापक यांच्या मंजुरीसाठी टिपणी

विषय : वार्षिक स्नेहसंमेलनाचे अंदाजपत्रक.
एकूण अंदाजित खर्च १०० हिस्से, वस्तुरूप मदत वजा जाता रोखीचा खर्च ९२. खात्रीची व अपेक्षित जमा ७२, तूट २०. तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता आणि रकमांचे परिशिष्ट सोबत. पुढील बाबींस मंजुरी मिळावी :
१. बाबनिहाय अंदाजपत्रक. एका बाबीतील शिल्लक दुसरीकडे वळवायची झाल्यास लेखी परवानगी घेतली जाईल.
२. दुसऱ्या हप्त्यातील १२ हिस्से कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी उचल म्हणून. बिले सादर करून ही उचल समायोजित केली जाईल.
३. आकस्मिक निधीचा वापर फक्त आपल्या सहीने. न वापरल्यास तो शाळेच्या खात्यात परत.
४. तूट कार्यक्रमाच्या १० दिवस आधीपर्यंत भरून न आल्यास वर नमूद केलेली कपात त्याच क्रमाने लागू.

मदत शाळेच्या कार्यालयात कामाच्या वेळेत, शक्यतो शाळेच्या खात्यावर. रोख दिल्यास पावती तिथल्या तिथे घ्यावी, पावतीशिवाय कुणालाही, अगदी समितीच्या माणसालाही, देऊ नये. लेखी कबुलीत नाव, हिस्सा किंवा रक्कम आणि तारीख हवी. पोशाख मोजायला आणि खुर्च्या लावायला माणसेही कमी आहेत. हिशेब कार्यक्रमानंतर महिन्याच्या आत सूचनाफलकावर लागेल.

आपला,
सचिव, स्नेहसंमेलन समिती
(पालक-शिक्षक संघाच्या वतीने)