वाटीभर वरणाचा हिशोब

चिऊ,

रविवारी तू अर्ध्या ताटावरून उठून वाकडला निघून गेलीस. भात वजनकाट्यावर ठेवलास म्हणून मी बोललो, ते चुकलंच. तुझी आई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीये. पण तू जेवतेस ना?

तू पाठवलेली शीट उघडली. चोख आहे. टार्गेट, आजची बेरीज, उरलेले आकडे, सगळं जागच्या जागी. चौथीत रद्दीचा हिशोब लिहायचीस तशीच. मंगळवारची बेरीज १५८० कॅलरी, टार्गेट १६००. बरं वाटलं. मग वरणाची ओळ पाहिली आणि झोप उडाली.

तू दोन वाट्या, म्हणजे ३०० ग्रॅम वरण धरलंस. शेजारी तक्त्यातले तूरडाळीचे आकडे: १०० ग्रॅमला साधारण ३३० कॅलरी, २१.७ ग्रॅम प्रोटीन. अगं, ते हैदराबादच्या पोषण संस्थेच्या तक्त्यातले, कच्च्या डाळीचे! वरणात निम्म्याहून जास्त पाणीच. शीट म्हणते, नुसत्या वरणातून ९९० कॅलरी आणि ६५ ग्रॅम प्रोटीन. दोन वाट्या वरणात एवढं असतं तर आजी पहिलवान झाली असती.

काल रात्री मीच करून पाहिलं. रिकामी तपेली तोलली, १०० ग्रॅम डाळ आपल्या नेहमीच्या पाण्यात शिजवली, घोटली, पुन्हा तोलली. तपेली वजा जाता वरण ४८० ग्रॅम. म्हणजे तुझ्या ३०० ग्रॅममध्ये डाळ जेमतेम ६२ ग्रॅम: २०५ कॅलरी, साडेतेरा ग्रॅम प्रोटीन. मंगळवारी तू १५८० नाही, ८०० च्या आसपास खाल्लंस. भातही तसाच कच्च्या तांदळाच्या ओळीत घातला असशील, तर त्याहून कमी. आणि सिंहगडाच्या अर्ध्या वाटेत चक्कर आली ती म्हणे उन्हाने!

ओरडत नाहीये. एक रकाना वाढव:

```
=वाटीतलं_वरण*कच्ची_डाळ/शिजलेलं_एकूण
```

येईल तो आकडा कच्च्या डाळीच्या ओळीशी गुण आणि १०० ने भाग. वरण पातळ केलंस तर शिजलेलं एकूण नव्याने तोल, माझे ४८० धरू नकोस. फोडणीचं तेल वेगळं, चमचाभर ५ ग्रॅमला ४५ कॅलरी. तुझ्या शीटमध्ये तेल कुठेच नाही. खात नाहीस की लिहीत नाहीस?

तुझ्या ५२ किलोला प्रोटीन रोजचं ४३ ग्रॅम तरी हवं, किलोला ०.८३ धरून. आता तुझं वजन ५२ च आहे ना? की तेही जुनंच लिहिलंयस? बघ, पुन्हा सुरू झालो. माफ कर.

टायफॉइडनंतर तू पहिल्यांदा मेतकूट-भात मागितलास, तेव्हा आजीने त्या पितळी वाटीतून भरवला होता. ती वाटी पाठवतोय. रिकामी ११२ ग्रॅम भरते, दोनदा तोलली आहे.

बाबा