एकविसावा प्रश्न

बार्शी, रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडत होतीस तेव्हा मी फक्त ऐकलं, कारण त्या वेळी तुला बोलणं नको होतं. आज लिहिते. तू नीटच्या सराव टेस्टचा पेपर आणि ओएमआरची कार्बन कॉपी पाठवलीस, त्या घेऊन मी आज दुपारभर बसले होते.

बायो ४५ मिनिटांत, केमिस्ट्री तासाभरात झाली. फिजिक्सला तुझ्याकडे ७५ मिनिटं होती. पहिले २० प्रश्न तू ३५ मिनिटांत सोडवलेस. १५ बरोबर, ५ चूक. बरोबरला चार, चुकीला उणे एक, म्हणजे ५५ गुण. एकविसावा रोटेशनचा होता. त्यावर ७ मिनिटं गेली, तो सुटला नाही, हात गार पडले आणि छाती धडधडायला लागली. मग उरलेल्या २४ प्रश्नांपैकी १४ ठिकाणी तू न वाचता गोल काळे केलेस आणि १० कोरे सोडलेस. त्या चौदांत दोन बरोबर आले, बारा चुकले. आठ गुण मिळाले, बारा गेले. उणे चार. फिजिक्स १८० पैकी ५१.

आता वेळ मोज. एकविसावा सोडला तेव्हा ३३ मिनिटं शिल्लक होती. आणि तू उत्तरं न बघता तेच १४ प्रश्न काल संध्याकाळी खोलीत बसून पुन्हा सोडवलेस, त्यातले ९ बरोबर आले. छत्तीस गुण तुझ्या डोक्यात होते, ते कागदावर उतरले नाहीत. बाकीचे ५ तुला शांतपणेही जमले नाहीत. ते भीतीचे नाहीत, अभ्यासाचे आहेत. लांब श्वास घेऊन जडत्व आघूर्ण येत नाही. हे दोन ढीग वेगळे ठेव. 'मला फिजिक्स येत नाही' असं तू म्हणतेस तेव्हा दोन्ही एकत्र करून म्हणतेस.

त्या ७ मिनिटांत काय झालं, हे मी दरवर्षी बारावीच्या वर्गाला शिकवते. तुला मात्र कधी सांगितलं नाही, याचं मला वाईट वाटतं. रिचर्ड लॅझारस आणि सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये मांडलं की ताण प्रसंगातही नसतो आणि नुसता माणसातही नसतो. मन दोन प्रश्न विचारतं, त्यांच्या उत्तरांच्या मधल्या फटीत तो असतो. पहिला प्रश्न, 'इथे माझं काय पणाला लागलंय?' हे प्राथमिक मूल्यमापन. दुसरा, 'मी याला काय करू शकते?' हे दुय्यम. पहिला आधी आणि दुसरा नंतर असं काही नाही, दोन्ही एकमेकांना ओढत असतात. पणाला लागलेलं मोठं आणि हातातलं कमी दिसलं की मन त्याला धोका म्हणतं. हातात पुरेसं आहे असं दिसलं तर त्याच प्रसंगाला आव्हान म्हणतं.

एकविसाव्या प्रश्नाशी तू काय पणाला लावलंस? तूच सांगितलंस: रिपीटचं वर्ष, क्लासची फी, बाबांनी काढलेलं कर्ज. तो प्रश्न चार गुणांचा होता, बाळा. आणि कर्जाचा विषय त्याच्या अंगाला आम्ही चिकटवला. दिवाळीत तू पलीकडच्या खोलीत असताना आम्ही हप्त्यांचं बोललो, आणि तू ऐकलंस. ती आमची चूक. हप्ता आमच्या पगारातून जातो, तुझ्या गुणांतून नाही. बाबांनी हे तुला स्वतः सांगायचं ठरवलंय, ते बुधवारी फोन करतील.

'परीक्षेत एवढं काही नाही' असं मी म्हणणार नाही. तुला ते खोटं वाटेल, आणि ते खोटंच आहे. पणाला काहीतरी आहेच. बदलता येतं ते दुसरं उत्तर, आणि तेही आधी सराव केला असेल तरच ऐनवेळी आठवतं. म्हणून पुढच्या टेस्टला एवढंच कर. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नाला गोल कर. पेन खाली ठेव. तीनदा हळू श्वास सोड, घेण्यापेक्षा सोडणं लांब. मग पुढचा प्रश्न पूर्ण वाच आणि त्यात दिलेल्या राशी बाजूला लिही. लिहायला लागलीस की मनाला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: हे मी करू शकते.

धडधड थांबायची वाट बघू नकोस. परीक्षेच्या भीतीत दोन गोष्टी असतात, एक शरीराची खळबळ आणि दुसरी डोक्यातली काळजी. १९६० च्या दशकापासून संशोधक त्या वेगळ्या मोजतात, आणि गुण जास्त करून काळजी खाते. आकडे डोक्यात धरून ठेवायला जी जागा लागते, तीच जागा 'आता संपलं सगळं' हे वाक्य अडवून बसतं. धडधडत्या छातीने गणित सुटतं.

आता एक गोष्ट जी मला टेस्टपेक्षा जास्त सलते. टेस्टनंतर तू रात्री एक वाजेपर्यंत मोबाइलवर मागच्या वर्षांचे कटऑफ बघत बसलीस. आणि रोटेशनची वही तीन आठवडे उघडली नाहीस, कारण उघडली की पोटात गोळा येतो. सामना करण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक परिस्थितीवर काम करते, दुसरी भावनेवर. दोन्ही चांगल्या, पण जागच्या जागी. कटऑफ तुझ्या हातात नाही. तिथे मन दुसरीकडे वळवणं हेच शहाणपण. रोटेशन तुझ्या हातात आहे. तिथे मन वळवणं म्हणजे पळणं. तू दोन्हींची अदलाबदल केलीस. फोकमन आणि लॅझारस यांनी १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचा एका परीक्षेच्या तीन टप्प्यांवर अभ्यास छापला: परीक्षेआधी, निकालाची वाट बघताना आणि निकालानंतर. आधी मुलं अभ्यासाला भिडत होती. वाट बघण्याच्या दिवसांत मात्र मनाने परीक्षेपासून लांब राहणं वाढलं. आणखी एक, परीक्षेआधी बहुतेकांना धोका आणि आव्हान दोन्ही एकाच वेळी वाटत होतं. तुलाही दोन्ही वाटत असेल, तर त्यात काही बिघडलेलं नाही.

पण झोप आठवडाभर लागत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगणं नको असं मनात एकदा जरी आलं, तर हे पत्र बाजूला ठेव. मूल्यमापनाचा हिशोब तिथे पुरत नाही. त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. ती टेली-मानस, सरकारची मोफत सेवा, चोवीस तास चालू असते. मी पहिल्या एसटीने निघेन.

पुढच्या रविवारी मला एकूण गुण सांगू नकोस. दोनच आकडे सांग: किती प्रश्नांना गोल करून पुढे गेलीस, आणि संध्याकाळी त्यातले किती सुटले. रोटेशनचे ते पाच प्रश्न रोज एक याप्रमाणे सरांना विचार, आधी स्वतः दहा मिनिटं लढून.

शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी उद्याच्या गाडीने येणाऱ्या काकांकडे देते आहे. दोन दिवसांत संपव, भाकरी टिकत नाही.

तुझी,
आई